खोडीसकट

मेसचं बिल 3,800 थकलं होतं आणि चाकणला ज्या खोलीत राहायला जायचं होतं, तिथल्या मालकाने डिपॉझिट 8 हजार सांगितलं होतं. ट्रेनी म्हणून पहिला पगार हातात यायला ऑगस्ट उजाडणार. घरी मागायचे तर बाबांनी नुकतंच शेवटच्या सेमिस्टरचं कर्ज फेडलेलं. म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी मी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि चार वर्षं ओतून ठेवली.

नीलेशने वरच्या खाटेवरून डोकावून पाहिलं. "रद्दीवाल्याला बोलव. किलोवर घेईल."

निम्म्या पुस्तकांबाबत त्याचं बरोबरच होतं. आमची बॅच 2019 पॅटर्नची. मागून येणारी पोरं 2024 पॅटर्नची. युनिटप्रमाणे छापलेली स्थानिक प्रकाशनाची पुस्तकं, ज्यांच्यावर आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री पास झालो, ती त्यांच्या कामाची नव्हती. अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं फिरलो. एकाने पहिलं पान उघडून पॅटर्न बघितला आणि पुस्तक न बोलता परत सरकवलं. जाड पुस्तकांचं तसं नसतं. ग्रेवालचं गणित, भंडारींचं मशीन डिझाईन यांना पॅटर्नशी देणंघेणं नाही. बेअरिंग अजून तसंच फिरतं.

जाहिरात लिहायला बसलो तर नीलेशने फोन हिसकावून घेतला आणि स्वतःच टाइप केलं : "लाइक न्यू कंडिशन, सिंगल हँड यूज, अर्जंट सेल." त्याच्या कूलरची जाहिरात त्याने अशीच टाकली होती. कूलर गेले बारा दिवस कॉरिडॉरमध्ये उभा होता.

मी ते खोडलं. सोवळेपणा म्हणून नव्हे. माझा लॅपटॉप मी 2022 मध्ये असल्याच तीन ओळी वाचून 14 हजारांना घेतला होता. "बॅटरी बॅकअप चार तास." घरी आणला आणि पन्नास मिनिटांत बंद. त्या माणसाचा फोन तेव्हापासून लागत नाही.

पुस्तकांची जाहिरात मेसमध्ये टीव्हीशेजारी चिकटवली :

"भंडारी, मशीन डिझाईन. 250 रु. कव्हर सुटलं आहे, सेलोटेप लावली आहे. स्प्रिंगच्या धड्यातली चार पानं फाटली होती, त्यांची झेरॉक्स आत घातली आहे. जवळपास प्रत्येक गणिताशेजारी पेन्सिलने लिहिलेलं आहे, त्यातलं काही चूक आहे.
ग्रेवाल. 200 रु. शेवटची पन्नास पानं पाण्याने फुगली आहेत, वाचता येतात.
डिझाईन डेटा बुक. 100 रु. परीक्षेत नेलेलं आहे, आत काही लिहिलेलं नाही. हवं तर पान न् पान बघून घ्या.
2019 पॅटर्नची बाकी नऊ पुस्तकं फुकट. 2024 वाल्यांनी नेऊ नयेत, उपयोग नाही. केटी राहिलेल्यांनी न्यावीत.
संकेत, खोली 214."

केटीवाले रात्री दहानंतर आले, एकेकटे, चप्पल न वाजवता. नऊची नऊ गेली.

भंडारी घ्यायला एक एसवायचा मुलगा आला. मी खोडरबर घेऊन पानं साफ करत बसलो होतो, तर त्याने माझा हात धरला. "दादा, राहू दे ना. पेन्सिलसाठीच घेतोय."

"त्यातलं काही चूक आहे. लिहिलंय मी."

"कुठलं चूक आहे?"

मग त्याच्याबरोबर दीड तास बसून चुकलेल्या गणितांवर फुल्या मारल्या. अडीचशे रुपयांत शिकवणीही गेली. मधल्या पानात सेकंड इयरचं मेसचं कूपन सापडलं, रविवारच्या फीस्टचं, न वापरलेलं. त्याचं मात्र वाईट वाटलं.

लॅपटॉपला वेळ लागला. त्याची जाहिरात मी ॲपवर टाकली आणि टाकण्याआधी दोन दिवस लॅपटॉपच तपासत होतो. बॅटरीचा अंदाज सांगायचा नव्हता, म्हणून कमांड चालवली :

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्टमध्ये Design Capacity 42,000 mWh आणि Full Charge Capacity 17,640 mWh. म्हणजे 42 टक्के उरली होती. तो आकडाच लिहिला.

"लॅपटॉप, i5 सातवी जनरेशन, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी (2023 मध्ये मी बसवली, बिल आहे). 9,500 रु.
1. मीही जुनाच घेतलेला. किती हात फिरलाय माहीत नाही.
2. बॅटरी 42 टक्के. पाऊण तास. चार्जर जवळ हवाच.
3. E चं बटण जोरात दाबावं लागतं.
4. उजवी बिजागरी सैल, झाकण पूर्ण मागे नेऊ नका.
5. स्क्रीनवर खाली डावीकडे तांदळाएवढा पांढरा डाग.
6. विंडोज 10 आहे. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही. लिनक्स चालतं, मी चालवून पाहिलं.
7. ऑटोकॅड चालतं. मोठी असेंब्ली उघडली की पंखा ओरडतो."

नीलेश वाचून म्हणाला, "विकायचाय की त्याच्यावर केस करायचीय?"

पाच दिवस कुणी फिरकलं नाही. दोघांनी विचारलं, "लास्ट प्राइस?" एकाने तीन हजार सांगून हसणारा चेहरा पाठवला. सहाव्या दिवशी एक फोन आला, आवाज मोठा, मागे गुरांच्या गळ्यातल्या घंटा.

"ते लॅपटॉपचं तुम्हीच लिहिलंय का? पोरीनं वाचून दाखवलं. सात खोडी लिहिल्यात. आठवी कुठली?"

मी म्हटलं, "सातच आहेत काका."

हे मी बोललो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. आठवी होती. टीवायच्या सबमिशनच्या रात्री कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला होता. दुकानदाराने उघडून, पुसून, सहाशे रुपये घेऊन दिला. नंतर वर्षभर चालला. फक्त मागच्या पावसाळ्यात दोनदा आपोआप बंद पडला. E चं बटणही त्या चहानंतरच अडायला लागलं. जाहिरात लिहिताना मी ते ठरवून वगळलं होतं. सात खऱ्या गोष्टी सांगितल्यावर एक आत राहिली तर काय, असा काहीसा हिशेब होता. खरं सांगायचं तर सातांमुळे आठवी कुणी शोधणार नाही, हेही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले. जुन्नरकडचे, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. सोबत मुलगी, अवसरीच्या पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचं पहिलं वर्ष संपवलेली. वॉचमन वर सोडेना, म्हणून मेसमध्येच बसलो. मुलगी लगेच कामाला लागली. E दाबून पाहिला, झाकण हळू उघडलं, डागावर बोट ठेवलं. काका तिकडे बघतच नव्हते. त्यांनी खिशातून पैशांची पिशवी काढली.

"तुम्ही बघणार नाही का?" मी विचारलं.

"काय बघायचंय? बाजारात जनावर बघतो ते विकणारा बोलत नाही म्हणून. तुम्ही तर सगळं सांगून बसलाय." मग म्हणाले, "नोकरी कुठं?"

"चाकण."

"बैल घ्यायला येतो की आम्ही चाकणला! तिथं कंपन्या नंतर आल्या, बाजार आधीचा." त्यांनी नोटा मोजायला सुरुवात केली. थुंकी लावून, एक एक.

पाचशेच्या सहा नोटा टेबलावर आल्यावर माझ्याने राहवेना. "काका, थांबा. चहा सांडलाय यावर. मागच्या वर्षी. पावसाळ्यात दोनदा बंद पडला होता."

नोटा थांबल्या. मुलीने मान वर केली.

"चालू असताना सांडला का बंद असताना?" तिने विचारलं.

"चालू असताना."

"साखरेचा?"

"मेसचा. म्हणजे साखरेचाच."

"बॅटरी लगेच काढली होती?"

"आतली आहे. दुकानात काढली, दुसऱ्या दिवशी."

तिने वडिलांकडे पाहून ओठ मुडपले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी सहाही नोटा उचलून पिशवीत घातल्या. मला वाटलं, संपलं. मेसमध्ये मावशी कांदा चिरत होत्या, तेवढाच आवाज.

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर पसरला. "हात घाला खाली."

"काय?"

"हात द्या. तोंडानं भाव सांगायचा नसतो, बाजूच्यानं ऐकला तर बिघडतो."

बाजूला नीलेश होता, तो ऐकायला वाकलाच होता. पंच्याखाली त्यांनी माझी पाच बोटं एकदम धरली, सोडली, मग एक धरलं. तळहात खरबरीत होता. मला काही कळेना.

"सहा," मुलगी पुटपुटली. "आता तुम्ही धरायची."

मी पाच धरली, मग तीन. काकांनी मान हलवली. पुन्हा पाच, मग दोन, आणि तिसऱ्या बोटाचं फक्त पहिलं पेर चिमटीत.

"साडेसात?" मी विचारलं.

"तोंडानं नाही!" ते ओरडले आणि हसले. पंचा झटकला, खांद्यावर टाकला. "झाला. आणि ते चहाचं लिहून द्या. तिच्या लक्षात राहील, पावसाळा तर आलाच."

मी वहीच्या पानावर आठवा मुद्दा लिहिला, तारखेसकट. मग Reset this PC मध्ये Remove everything निवडलं. ते होईपर्यंत दोघांना मेसचं जेवण दिलं, माझ्या खात्यावर. काकांनी आमटीची वाटी वाकडी करून तळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याची जाहिरात कोण लिहितं?"

साडेसात हजारांतून मेसचं बिल फिटलं. डिपॉझिटला कमी पडले ते नीलेशने दिले. कूलर शेवटी त्याने रेक्टर सरांच्या ऑफिसला फुकट दिला.

रात्री अकराला मुलीचा मेसेज आला : "दादा, एक राहिलंय. डावा स्पीकर खरखरतो."

मी चक्रावलो. लिहिलं, "शपथ, मला माहीत नव्हतं. चार वर्षं रूममेट झोपलेला असायचा, त्यामुळे इअरफोनच लावले. दोनशे परत पाठवू का?"

बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. वडिलांना विचारत असावी.

"नको. बाबा म्हणतात, एवढी खोड चालते. आणि ते इअरफोन बॅगच्या पुढच्या कप्प्यात राहिलेत. तेही तुमच्या यादीत नव्हते."