अखंड हरिनाम सप्ताहासाठी सार्वजनिक दायित्व विम्याचे दरपत्रक मिळणेबाबत

दिनांक : 2 नोव्हेंबर 2026

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
सर्वसाधारण विमा, दायित्व विभाग,
ठाणे

महोदय,

आमच्या समितीचा सप्ताह 10 ते 17 जानेवारी 2027 या काळात नेरूळ येथील महापालिकेच्या मैदानावर होणार आहे. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचे लेखी दरपत्रक हवे आहे. 1991 च्या कायद्याखालची पॉलिसी नको; ती धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी असते. आम्हाला बिगर-औद्योगिक जोखमीची, कार्यक्रमापुरती पॉलिसी हवी आहे.

संरक्षण 4 जानेवारीपासून 20 जानेवारीच्या मध्यरात्रीपर्यंत धरावे. मंडप उभारताना आणि उतरवतानाच खांब, पाइप खाली येण्याचा धोका जास्त असतो, आणि मैदानाकडेची पायवाट त्या दिवसांतही चालू असते. फक्त सप्ताहाच्या आठ दिवसांचा दर आम्हाला उपयोगाचा नाही.

मैदान सुमारे 11,000 चौरस मीटर. मुख्य मंडप 60 बाय 36 मीटर, लोखंडी सांगाड्याचा; कापडाला अग्निरोधक प्रक्रिया केलेली असेल. भारतीय बैठकीत 2,500 माणसे बसतात. बाहेर पडायला सहा वाटा, प्रत्येकी चार मीटर रुंद, पैकी दोन महिलांच्या बाजूला. पहाटेचा काकडा आणि सकाळच्या पारायणाला 400 ते 500 जण असतात, रात्रीच्या कीर्तनाला मंडप भरतो. खरी गर्दी 17 तारखेला, काल्याच्या दिवशी : दिवसभरात अंदाजे 18,000, एका वेळी जास्तीत जास्त 6,000. त्या दिवशी महाप्रसादाला सुमारे 12,000 पाने होतील. हजाराची एक पंगत, साधारण अर्ध्या तासाची. गर्दी तुंबते ती कीर्तन संपून सगळे एकदम पंगतीकडे वळतात तेव्हा. म्हणून पंगतीचा रस्ता दोरखंड लावून वेगळा ठेवला आहे आणि तिथे 60 स्वयंसेवक आहेत.

स्वयंपाकघर मंडपापासून 20 मीटरवर, पत्र्याच्या आडोशाला. चालू 19 किलोचे 12 व्यावसायिक सिलिंडर, भरलेले राखीव 12 वेगळ्या जागी. आचाऱ्याकडे अन्न परवाना आहे. 125 केव्हीएचे दोन जनरेटर, परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग. डॉक्टर आणि रुग्णवाहिका रोज सायंकाळी व काल्याच्या दिवशी पूर्ण वेळ.

दिंडी 16 तारखेला दुपारी 4 ते 7, 3.2 किलोमीटर, सुमारे 1,500 वारकरी, पालखीपुढे एक अश्व. मार्गासाठी वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला आहे. मागे आलेल्या एका दरपत्रकात ‘फक्त मैदानाच्या हद्दीत’ अशी ओळ होती. त्या ओळीने दिंडीच बाहेर पडते, तेव्हा मार्ग आणि अश्वामुळे होणारी इजा दोन्हींचा स्पष्ट उल्लेख हवा.

दोन पर्यायांचे दर द्यावेत : एका अपघातास 2 कोटी व पूर्ण मुदतीस 4 कोटी, आणि दोन्हींसाठी 5 कोटी. प्रत्येकात पुढील गोष्टी लिहून कळवाव्यात. अन्नविषबाधा मूळ मर्यादेत आहे की उपमर्यादा लावली आहे, आणि ती किती? वकिलाचा व बचावाचा खर्च मर्यादेच्या आत की वर? चेंगराचेंगरी, वादळात मंडप कोसळणे, ठेकेदाराच्या चुकीमुळे समितीवर येणारी जबाबदारी, या तिन्ही गोष्टी धरल्या आहेत का? प्रत्येक दाव्यात आम्ही सोसायची रक्कम किती? दावा मुदतीनंतर आला तर किती काळापर्यंत चालेल? जागेची मालक म्हणून महापालिकेचे नाव सहविमेदार म्हणून घालावे, आणि सहविमेदारांनी एकमेकांवर केलेले दावे वगळू नयेत. आमचे 220 स्वयंसेवक त्रयस्थ धरले जाणार नसतील, तर त्यांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा दर वेगळा द्यावा. जीएसटी वेगळा दाखवावा.

पूर्वीच्या घटनांबाबत : 2025 च्या सप्ताहात ध्वनियंत्रणेच्या केबलमध्ये पाय अडकून एका वृद्ध भाविक महिलेच्या मनगटाचे हाड मोडले. उपचाराचे 42,000 रुपये समितीने दिले. दावा किंवा नोटीस आलेली नाही. तेव्हापासून वाटांवरच्या सर्व केबल अडीच मीटर उंचीवरून नेतो. त्यापलीकडे सांगण्याजोगी घटना नाही. प्रस्तावपत्रातही हेच लिहू, कारण दडवलेल्या माहितीवर दावा नाकारला जातो.

मंडपाचा नकाशा, वायरिंगचा आराखडा, दिंडीचा मार्ग आणि मैदानाच्या परवानगीची प्रत सोबत आहे. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि अभियंत्याचे मंडप स्थैर्य प्रमाणपत्र उभारणी पूर्ण झाल्यावरच मिळते. ती अट पॉलिसी सुरू होण्यापूर्वीची ठेवली तर उभारणीचे दिवस उघडे राहतील. म्हणून ती 9 जानेवारीपर्यंत पूर्ण करण्याची ठेवावी.

कृपया दरपत्रक, पॉलिसीचा पूर्ण मसुदा आणि वगळलेल्या बाबींची यादी 20 नोव्हेंबरपर्यंत पाठवावी. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे 15 डिसेंबरपूर्वी रक्कम भरायचा आमचा विचार आहे. जागेची पाहणी करायची असल्यास कोणत्याही रविवारी सकाळी मैदानावर पदाधिकारी हजर राहतील. एक दिवस आधी कळवावे.

आपला विश्वासू,
कार्यवाह,
अखंड हरिनाम सप्ताह उत्सव समिती,
नेरूळ, नवी मुंबई