निळा कलप

निखिलभाऊजींच्या साक्षगंधाला चार दिवस होते. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. न्हाणीतून आई बाहेर आल्या, टॉवेल सोडला आणि केस झटकायला उन्हात उभ्या राहिल्या.

केस निळे होते.

मोरपंखी नाही, जांभळट नाही. पांढऱ्या धोतराला द्यायची नीळ पाण्यात कालवण्याआधी बोटावर जशी दिसते, तशी निळी. मानेवरून एक ओघळ पोलक्यात गेला होता, तोही निळा.

"आई?"

"हं. आता सांग, कसं दिसते?"

मी शेंगांकडे बघितलं. "दिसते... निळं."

"मंग बरोबर हाये," म्हणाल्या, आणि आरशात बघायला आत गेल्या.

आमच्या सासूबाई उपकेंद्रावर एकतीस वर्षं नर्स होत्या. पाच गावांत नर्सबाई म्हणजे त्याच. खांद्याला लसीचा डबा, त्यात बर्फाची पाकिटं, बैलबंडी मिळाली तर बंडीने, नाहीतर पायी. मागच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दहा मिनिटं पुढे पळतं, आम्ही ते तसंच ठेवलंय.

कलप त्या पहिल्यापासून काळा लावायच्या. दर तीन आठवड्यांनी, रविवारी. मागच्या उन्हाळ्यात कपाळ सुजलं, पापण्या इतक्या फुगल्या की डोळे उघडेनात. वर्ध्याच्या चामडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळ्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी झाली, आता आयुष्यात पुन्हा लावायचा नाही. वर्षभरात केस अगदी कापसासारखे पांढरे झाले. आम्हाला सवय झाली. त्यांना झाली नसावी.

हे शेतातून आले. दारातच थांबले. "आई, हे काय करून ठेवलं?"

"कलप."

"निळा?"

"काळा चालत नाई मले. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"अवो पण निळा काऊन?"

"आवडला म्हणून."

हे ऐकून ह्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. कारण पाहिजे होतं. आमच्याकडे बाईने भाजीत तिखट जरा जास्त टाकलं तरी कारण विचारतात. संध्याकाळपर्यंत तीन कारणं तयार झाली. ह्यांच्या मते, रिटायर झाल्यापासून मन लागत नाही. वर्षाताईंनी फोनवर निकाल दिला की बीपीची गोळी बदलली असेल. शेजारच्या काकूंनी गुपचूप मला विचारलं, "निळ्या झेंड्याच्या पार्टीत गेल्या काय वो?" आईंनी ते खिडकीतून ऐकलं. "गेली असती तं लपवलं असतं काय? त्यात कमीपणा काय हाये?" काकू ताक विसरून घरी गेल्या.

खरं तर सगळी तयारी नर्सच्या शिस्तीने झाली होती. पार्सल फाट्यावर आलं होतं, आणायला त्या स्वतः गेल्या होत्या. दोन दिवस आधी कानामागे टिकलीएवढा रंग लावून पाहिला. खाज नाही, सूज नाही, मगच पुढे. कपाळावर, कानांवर खोबरेलाचा जाड थर, म्हणजे कातडीला डाग पडत नाही. पांढऱ्या केसाला आधी ब्लीच करावं लागत नाही, हेही त्यांनीच मला समजावलं. पाऊण तास ठेवला, थंड पाण्याने धुतला. "दीड महिन्यात फिका होतो," म्हणाल्या, "तवा रडू नका."

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मागचे केस, अगदी मानेच्या खळगीपर्यंत, एकसारखे रंगले होते. आईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. वेणीसुद्धा मी घालून देते.

"मागचं कोणी लावून दिलं?" मी विचारलं.

"पोचते हात," म्हणाल्या.

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी निळे केस पाहिले, चष्मा पुसला आणि वेचणीवाल्या बायांचा हिशेब आहे म्हणून शेतात गेले. रात्रीही तिकडेच. दुसऱ्या दिवशी डबाही तिकडेच मागवला. कपाशीत रानडुकरं येतात हे खरं, पण बाबा जागलीला सहसा गडी पाठवतात. हे मला म्हणाले, "पाह्यलं? बाबाइले किती लागलं ते." मलाही तसंच वाटलं. मी डब्यात ठेचा जास्त घातला.

साक्षगंधाच्या आदल्या रात्री घरात बैठक बसली. वर्षाताई आर्वीहून आल्या होत्या. म्हणाल्या, "आई, डोक्यावरून पदर घे. नाईतं मी एक दिवसाचा काळा स्प्रे आणते." आई लसणाच्या पाकळ्या सोलत होत्या. "पदर घेतो," म्हणाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग म्हणाल्या, "पण सरकला तं मी धरणार नाई."

निखिलभाऊजी, ज्यांचं साक्षगंध, ते मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "तिले मी फोटो पाठवला. तिनं विचारलं, कोणत्या कंपनीचा हाये." त्यावर कोणालाच काही सुचलं नाही.

सकाळी पाहुणे आले. पदर पहिल्या पाचच मिनिटांत सरकला, कारण पाणी द्यायला वाकावंच लागतं. बैठकीत अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मुलीची आजी, ऐंशीच्या पुढची असेल, काठी टेकत आईंसमोर आली आणि केसांची एक बट दोन बोटांत धरून तिने बटेवर अंगठा घासला.

"हाताले लागत नाई," आजी म्हणाली.

"पक्का हाये," आई म्हणाल्या. "फक्त उशीले लागते."

"मले चालते काय?"

"आधी कानामागं लावून पाहा लागते, दोन दिवस."

आजीने तिथेच कान पुढे केला. तिची सून, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, पदराने तोंड झाकून हसायला लागली. मग बाकीच्या बायाही हसल्या. बाप्ये लोक मात्र कापसाच्या भावावरच अडून बसले, त्यांना दुसरीकडे बघायचंच नव्हतं.

मग गंध लावायची वेळ झाली. बाबा पाटावर बसले. ते सकाळीच शेतातून आले होते, नवीन धोतर, टोपी, आणि उजव्या हाताभोवती दुपट्टा गुंडाळलेला. बोराटीचा काटा गेला म्हणून सांगितलं होतं. व्याह्यांनी त्यांच्या कपाळाला गंध लावला. आता बाबांची पाळी. दुपट्टा सोडणं भाग होतं.

मी कुंकवाचं ताट धरून बाजूलाच होते, म्हणून दिसलं. बाबांनी अनामिका कुंकवात बुडवली. नखाच्या कडेला, पेरांच्या घड्यांत, कापूस वेचून चिरलेल्या कातडीच्या प्रत्येक भेगेत निळं होतं. राखेने घासलेलंही कळत होतं. काही केल्या निघालं नव्हतं.

मी आईंकडे पाहिलं. त्या आजीच्या कानाकडे बघत होत्या.

"हातमोजे दिले होते मी," बाबांना ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या. "बोटंच मावत नाईत म्हणे."

बाबांनी व्याह्यांच्या कपाळावर लाल गंध नीट मधोमध लावला आणि हात पुन्हा दुपट्ट्यात घातला.