वहिनींना वर्षभरात पाठवलेले संदेश

मार्चअखेर

वहिनी, नमस्कार. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परतले, मुलगाही बंगळुरूला कामावर रुजू झाला, आणि आता घरातला फोन फारसा वाजत नसेल, या विचाराने लिहीत आहे. बुधवारी सकाळी अकरा वाजता मी बँकेत जाणार आहे. त्याच्या खात्यावर नॉमिनी म्हणून तुमचेच नाव आहे. तेव्हा मृत्यूचा दाखला व त्याच्या दोन प्रती, तुमचे आधार, पॅन आणि पासबुक एवढे हाताशी ठेवलेत, तर दाव्याचा अर्ज तिथेच बसून भरू. मूळ दाखला मात्र फक्त दाखवायचा आणि परत घ्यायचा. जमणार नसेल तर नुसते ‘नको’ लिहा, किंवा काहीच लिहू नका. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारीन.

पालखीचा दिवस

वहिनी, आज तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला येत आहे. दरवर्षी तो वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसायचा आणि उठताना स्वतःचेच गुडघे धरून हसत सुटायचा. अलीकडे लोक तुमच्यासमोर त्याचा विषय काढायचे टाळतात असे मला दिसले, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. आम्ही यंदाही जाणार आहोत. उत्तराची घाई नाही.

जुलै

त्याचे प्राप्तिकर विवरणपत्र वारस म्हणून तुम्हाला भरावे लागेल. आमच्या सीएंशी बोललो आहे. शनिवारी कागद घ्यायला येतो.

दिवाळीच्या आधी

वहिनी, यंदा तुमच्याकडे फराळ होणार नाही, म्हणून वसुबारसेच्या आदल्या दिवशी ही डबा घेऊन येईल. त्यात त्याच्या आवडीचे अनारसे आहेत. ते पाहवणार नसतील तर आधी सांगा, चकली आणि चिवडाच आणेल. आकाशकंदील लावावा की नाही, यावर सोसायटीत कोणी काही सुचवले तरी तुम्ही तुमच्या मनाचेच करा. मला काळजी वाटते ती पाडव्याच्या संध्याकाळची, कारण ओवाळण्याच्या त्या वेळी जो तो आपापल्या घरात असतो आणि कोणाला फोन करायचे सुचत नाही. सातच्या सुमारास आम्ही दोघे येऊन बसलो तर चालेल का? एकटे राहावेसे वाटत असेल तर तसे निःसंकोच कळवा, आम्हाला वाईट वाटणार नाही.

जानेवारी

वहिनी, पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना काढलेला त्याचा एक फोटो माझ्याकडे सापडला आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा पाठवतो. गुरुजींची वेळ ठरली की मला सांगा, म्हणजे स्वयंपाकाच्या मावशींना मी आधीच बोलावून ठेवीन.