आराखडा ओळखा : मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा

इयत्ता नववी, इतिहास उपक्रम. वेळ ४५ मिनिटे, गुण २०.

चारही आराखड्यांत वरची बाजू उत्तर, उजवी बाजू पूर्व. छत काढून वरून जमिनीकडे पाहतो आहोत असे समजा. आकृत्या मापात नाहीत. प्रत्येक अंकासमोर खालच्या यादीतले नाव लिहा (२८ नावे, प्रत्येकी अर्धा गुण). यादीत ३० शब्द आहेत. दोन शब्द मुद्दाम जास्तीचे घातले आहेत, ते कुठेच बसणार नाहीत.

शब्दयादी : सहन, अंतराळ, जोडाघर, मिहराब, वेदी, कळस, नंदीमंडप, रागींचा मंच, हौद, गाभारा, घंटामनोरा, लंगर, मिंबर, मुखमंडप, मुख्य दालन, पूर्व दरवाजा, गोलक, प्रणाल, बाप्तिस्मा कुंड, घुमट, निशान साहिब, उपमंदिर, आडवी भुजा, मिनार, सभामंडप, पालखी साहिब, पार्श्वदालन, नमाजाचे दालन, दर्शनी दरवाजा, सुखासनाची खोली.

आराखडा अ : सिन्नरच्या गोंदेश्वरासारखे पूर्वाभिमुख शिवपंचायतन

```
६                              ६
      ७
   +-----+---+---------+---+
   |  १  | २ |    ३    | ४ |  ५
   +-----+---+---------+---+

६                              ६
```

२ ही जागा इतकी अरुंद असते की चालताना लक्षातही येत नाही. ७ भिंतीच्या आत नसून बाहेर आलेला आहे. सभामंडपाला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडूनही वाटा असतात, त्या इथे काढलेल्या नाहीत.

आराखडा आ : महाराष्ट्रातली गावातली मशीद

```
              ७
+-------------+---------------+
| २           |               |
१      ३      |    ४     ५    ६
|             |               |
+-------------+---------------+
              ७
```

१ हा भिंतीत खोदलेला कोनाडा आहे, वेगळी खोली नव्हे. २ म्हणजे त्याला लागूनच असलेल्या पायऱ्या. जुम्म्याचा खुतबा तिथून दिला जातो. ५ मध्ये वुजूचे पाणी असते.

आराखडा इ : जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल, सोपे करून

```
      +---+
      | २ |
+-----+   +---------------+
|            ४         ५  |
|  १         ३            ६
|            ४            |
+-----+   +---------------+---+
      | २ |               | ७ |
      +---+               +---+
```

७ उत्तर कोपऱ्यातही होता, तो १७७६ मध्ये कोसळला. म्हणून आकृती एका बाजूला लंगडी दिसते. छपाईची चूक समजू नका.

आराखडा ई : शहरातला साधा गुरुद्वारा

```
+------+-----------------+
|  ४   | ३               |
+------+                 |
|        १     २              ५
|                        |
+------------------------+    ६
|           ७            |
+------------------------+
```

दरबारात शिरण्याआधी ५ लागते आणि मग पाय धुण्याची उथळ जागा. ७ मध्ये सगळे पंगतीत जमिनीवर बसतात.

पुढील प्रश्न सोडवा (प्रत्येकी २ गुण)

१. आराखडा आ मधले ३ हे दालन पूर्व-पश्चिम ९.६ मीटर आणि दक्षिणोत्तर १५ मीटर आहे. एका सफेला, म्हणजे नमाजाच्या रांगेला, १.२ मीटर खोली आणि माणशी ०.६ मीटर रुंदी धरा. सर्वांत पुढची सफ इमामासाठी सोडली, तर मागे किती जण नमाज पढू शकतील?

२. आराखडा अ मध्ये ५ पासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे प्रदक्षिणेला निघालेला भाविक सोमसूत्राचा नियम पाळून कुठे थांबून मागे फिरेल? बाणाने दाखवा आणि कोणत्या बाजू पूर्ण झाल्या ते लिहा.

३. अ, आ आणि इ या तिन्हींत पूर्वेकडून आत आल्यावर माणसाचे तोंड पश्चिमेला होते. यातल्या कुठल्या एका वास्तूत दिशा बदलायची मुभाच नाही, आणि का?

उत्तरसूची, शिक्षकांसाठी

अ : १ गाभारा, २ अंतराळ, ३ सभामंडप, ४ मुखमंडप, ५ नंदीमंडप, ६ उपमंदिर, ७ प्रणाल.
आ : १ मिहराब, २ मिंबर, ३ नमाजाचे दालन, ४ सहन, ५ हौद, ६ पूर्व दरवाजा, ७ मिनार.
इ : १ वेदी, २ आडवी भुजा, ३ मुख्य दालन, ४ पार्श्वदालन, ५ बाप्तिस्मा कुंड, ६ दर्शनी दरवाजा, ७ घंटामनोरा.
ई : १ पालखी साहिब, २ गोलक, ३ रागींचा मंच, ४ सुखासनाची खोली, ५ जोडाघर, ६ निशान साहिब, ७ लंगर.

जास्तीचे शब्द कळस आणि घुमट. हे दोन्ही छतावर असतात आणि छत आपण काढलेले आहे. मिनार आणि घंटामनोरा मात्र जमिनीपासून उठतात, म्हणून आराखड्यात त्यांचा पाया दिसतो. बहुतेक मुले गाभाऱ्यासमोर "कळस" लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मंदिराचे बाहेरून पाहिलेले चित्र असते. वहीवर एक पेला उपडा ठेवून कडेने पेन्सिल फिरवायला लावा. पेल्याची उंची कागदावर येत नाही हे लगेच कळते.

प्रश्न १ : ९.६ भागिले १.२ म्हणजे ८ सफा. इमामाची एक वजा केली की ७. १५ भागिले ०.६ म्हणजे रांगेत २५. उत्तर १७५. "२००" लिहिणाऱ्याला १ गुण द्या, भागाकार बरोबर आहे. मिहराब पश्चिमेला आहे, म्हणून सफा दक्षिणोत्तर पसरतात आणि एकामागे एक पूर्वेकडे लागतात. ज्याने सफा पूर्व-पश्चिम लावल्या त्याला गुण नाही, कारण त्याने मिहराबकडे पाहिलेच नाही.

प्रश्न २ : दक्षिण आणि पश्चिम बाजू पूर्ण होतात. उत्तरेकडे प्रणालाशी थांबून भाविक उलट फिरतो, कारण अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी वाट ओलांडायची नसते. बाण ७ च्या पश्चिमेला थांबला पाहिजे. पूर्वेकडून उजवीकडे वळणारा बाण चुकीचा, कारण तो सुरुवातीलाच उत्तरेला जाऊन प्रणालापाशी पोहोचतो.

प्रश्न ३ : मशीद. नमाज मक्केतल्या काबेकडे तोंड करून पढतात आणि भारतातून ती दिशा साधारण पश्चिम येते. इस्तंबूलमध्ये तीच दिशा आग्नेय होते, त्यामुळे "मिहराब नेहमी पश्चिमेला" हे वाक्य उत्तरात आले तर अर्धा गुण कापा. मंदिर पूर्वाभिमुख असण्याची पद्धत आहे, पण पश्चिमाभिमुख मंदिरेही पुष्कळ आहेत. चर्चबद्दल मुले पाठ केलेले "वेदी पूर्वेला" लिहितात. से कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेला आणि वेदी पश्चिमेला आहे; समोरच्या बॉम जीझस बॅसिलिकात नेमके उलट. दोन्ही एकाच रस्त्यावर, एकमेकांसमोर. म्हणूनच हे उदाहरण घेतले.

तपासताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. आराखडा आ मध्ये मिंबर मिहराबच्या उत्तरेला आहे, म्हणजे काबेकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला. पुष्कळ मुले १ ला "वेदी" म्हणतात. मिहराब फक्त दिशा दाखवतो, त्यावर काही ठेवले जात नाही, त्यामुळे तो शब्द इथे बसत नाही.

आराखडा ई मध्ये ४ ला कोणी "सचखंड" लिहिले तर बरोबर धरा. रात्री गुरु ग्रंथ साहिब जिथे विसावतात त्या खोलीला बऱ्याच ठिकाणी तेच नाव आहे, यादीत नसले तरी. मात्र मराठवाड्यातली मुले सचखंड म्हटले की नांदेडचा तख्त हजूर साहिब आठवतात आणि गोंधळतात. तिथला आतला कक्ष अंगीठा साहिब, गुरु गोविंदसिंहांच्या अंत्यसंस्काराची जागा, १७०८. ती मांडणी खास तिथली आहे. कोणी ती काढली असेल तर या आराखड्याशी जुळवू नका, वेगळ्या कागदावर नावे लिहून घ्या आणि गुण द्या.