दुरुस्ती: वार्षिक सभा रविवार, 21 सप्टेंबर 2025 रोजी; गच्चीच्या कामाची वर्गणी प्रति फ्लॅट 18,500 रुपये

प्रति: सर्व सभासद (48 फ्लॅट)
प्रत: अध्यक्ष, खजिनदार
दिनांक: गुरुवार, 4 सप्टेंबर 2025

सभासद बंधू-भगिनींनो,

सस्नेह नमस्कार.

काल, बुधवारी 3 सप्टेंबरला, सभेच्या सूचनेचा जो मेल आपल्याला गेला, त्यात एक तारीख आणि एक रक्कम चुकली होती. बरोबर माहिती अशी:

सभेची तारीख: रविवार, 21 सप्टेंबर 2025, सायंकाळी 5.30
गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी: प्रति फ्लॅट 18,500 रुपये

कालच्या मेलमध्ये "रविवार, 20 सप्टेंबर" असे लिहिले गेले होते. 20 तारखेला शनिवार आहे. त्यामुळे काहींनी वार धरला, काहींनी तारीख धरली, आणि कालपासून मला दोन्ही बाजूंनी फोन येत आहेत. सभा रविवारीच आहे. शनिवारी हॉलमध्ये काहीही कार्यक्रम नाही. तरीही त्या संध्याकाळी कोणी खाली आलेच, तर सभा उद्या आहे हे सांगायला वॉचमनना सांगून ठेवले आहे.

रक्कम मेलच्या मजकुरात 15,800 आणि सोबत जोडलेल्या पत्रात 18,500 अशी गेली. म्हणजे एकाच मेलमध्ये दोन आकडे! यातला पत्रातला आकडा बरोबर आहे. 15 जूनच्या विशेष सर्वसाधारण सभेत 8,88,000 रुपयांचे कोटेशन मंजूर झाले आणि ते 48 फ्लॅटमध्ये समान वाटायचे ठरले. भागाकार केला की 18,500 येतात. ठराव इतिवृत्तात आहे, आणि ते ऑफिसात कोणालाही केव्हाही पाहता येईल. वर्गणी वाढलेली नाही, जूनमध्ये ठरली तीच आहे. हे ठळकपणे सांगतो, कारण काल एका ज्येष्ठ सभासदांनी "सभा व्हायच्या आतच रक्कम वाढवली का?" असे विचारले. मेल वाचून तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते. दिलगिरी व्यक्त करतो.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी

काल संध्याकाळपर्यंत तिघांचे 15,800 रुपये जमा झाले आहेत. दोघांचे त्याच रकमेचे चेक खजिनदारांकडे आले आहेत. तुम्ही इतक्या तत्परतेने पैसे भरलेत, याबद्दल मनापासून आभार. तुमचे पैसे परत करून पुन्हा पूर्ण रक्कम मागवायची, असे आम्ही करणार नाही, कारण त्यात पावत्यांचा घोळ वाढेल. भरलेल्या रकमेची पावती मिळेल आणि उरलेले 2,700 रुपये तुम्ही वेगळे भरावेत. हे पैसे भरताना शेरा म्हणून "गच्ची उर्वरित" आणि फ्लॅट नंबर लिहा, म्हणजे ते मेंटेनन्समध्ये जमा होणार नाहीत.

चेक दिला असेल तर त्यावर रक्कम खोडून नवी लिहू नका. खाडाखोड केलेला चेक बँक परत करते. पहिला चेक आहे तसा भरला जाईल, 2,700 चा दुसरा चेक द्या. कोणी बँकेत पुढच्या तारखेची 15,800 ची सूचना देऊन ठेवली असेल, तर तीही राहू द्या. फरक तेवढा नंतर भरा.

वर्गणीची शेवटची तारीख पूर्वीचीच, 30 सप्टेंबर. उशिरा भरल्यास उपविधींप्रमाणे व्याज लागते. पण 15,800 भरलेल्यांच्या 2,700 रुपयांवर 31 ऑक्टोबरपर्यंत व्याज लावायचे नाही, असे अध्यक्ष, खजिनदार आणि मी मिळून ठरवले आहे. मेल चुकला म्हणून सभासदाला भुर्दंड बसू नये.

आणखी एक गोष्ट कृपया लक्षपूर्वक वाचा. संस्थेचे बँक खाते बदललेले नाही. या मेलमध्ये खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड मुद्दामच दिलेला नाही. दर महिन्याच्या मेंटेनन्स बिलावर जो खाते क्रमांक छापलेला असतो, त्याच खात्यात पैसे भरा. "दुरुस्ती" असे लिहून कोणी दुसरा क्रमांक पाठवला, मग तो माझ्या नावाने आलेला असला तरी, पैसे भरू नका. आधी मला किंवा खजिनदारांना फोन करा. रक्कम बदलल्याचा मेल आला की लगोलग असे बनावट मेसेज पाठवणे फसवणूक करणाऱ्यांना फार सोपे जाते.

बाकी काहीही बदललेले नाही

सभेची वेळ, तळमजल्यावरचा हॉल आणि विषयपत्रिकेतील सर्व विषय तेच आहेत. अहवाल, हिशेबपत्रके आणि लेखापरीक्षण अहवाल काल पाठवलेलेच ग्राह्य धरावेत, त्यात चूक नाही. लेखी प्रश्न शनिवार, 13 सप्टेंबरपर्यंत द्यायचे आहेत. गणपूर्ती 20 सभासदांची. ती न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल, हेही तसेच.

दोन सभासदांनी विचारले की सभेला 14 पूर्ण दिवसांची सूचना लागते, मग ही दुरुस्ती चालेल का. चालेल. आज 4 तारीख आहे. आजचा आणि सभेचा दिवस सोडला तरी मध्ये 16 दिवस आहेत.

21 तारखेला सर्वपित्री अमावस्या आहे, याची समितीला कल्पना होती. म्हणूनच सभा सकाळी न ठेवता संध्याकाळी ठेवली, घरचे श्राद्ध आणि जेवणे आटोपून येता यावे म्हणून. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आहे. पुढचा रविवार, 28 तारीख, नवरात्रात येतो. त्या आठवड्यात आपल्यापैकी बरेचजण कुलदेवतेला गावी जातात आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. म्हणून 21 तारीख बदलणार नाही.

आपल्याला एवढेच करायचे आहे: कालचा मेल आणि त्यासोबतचे सूचनापत्र काढून टाका आणि या मेलसोबतचे "सुधारित सूचनापत्र, 4 सप्टेंबर" ठेवा. वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात "सुधारित" लिहिलेले तेच खरे. कालचा मेल कोणी घरच्यांना, भाडेकरूंना किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे पाठवला असेल, तर हा मेलही तिथेच पाठवा. मात्र नुसता आकडा किंवा नुसती तारीख कापून पाठवू नका. अशाच तुकड्यांमुळे काल संध्याकाळी ए आणि बी विंगच्या ग्रुपवर दोन वेगवेगळ्या तारखा फिरत होत्या.

दोन्ही विंगच्या नोटीस बोर्डवरचे जुने पत्र आज सकाळी काढून सुधारित पत्र लावले आहे. जे मेल पाहत नाहीत अशा 9 घरी आज रात्री 8 नंतर मी स्वतः छापील प्रत देऊन पोचपावतीवर सही घेईन. त्या वेळी घरी नसाल तर शेजारी निरोप ठेवा, मी उद्या पुन्हा येईन.

शंका असल्यास या मेलला फक्त मला उत्तर द्या, सर्वांना नको. उत्तर सर्वांच्या कामाचे असेल, तर ते रविवारी, 7 तारखेला, मी एकाच मेलमध्ये सर्वांना कळवीन.

आपला,
मानद सचिव, फ्लॅट ए-304
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)

सोबत: सुधारित सूचनापत्र, 4 सप्टेंबर 2025, 15 जूनच्या ठरावाची प्रत