विषय : सप्टेंबर ते नोव्हेंबर 2024 चे थकीत मानधन मिळणेबाबत

दि. 13 डिसेंबर 2024
सिन्नर, जि. नाशिक

प्रति,
मा. सचिव महोदय,
संस्था कार्यालय, सिन्नर

मार्फत : मा. मुख्याध्यापक, माध्यमिक विद्यालय

संदर्भ : 1) माझा नियुक्ती आदेश, दि. 15 जून 2024
2) माझा अर्ज, दि. 25 नोव्हेंबर 2024 (शाळा आवक क्र. 212)

महोदय,

सादर नमस्कार. मी 17 जून 2024 पासून आपल्या विद्यालयाच्या विनाअनुदानित तुकड्यांवर गणित व विज्ञान शिक्षिका म्हणून कंत्राटी पद्धतीने काम करीत आहे. इयत्ता आठवी ते दहावीचे आठवड्याला 34 तास माझ्याकडे आहेत. मानधन दरमहा रु. 18,000 ठरले असून ते पुढील महिन्याच्या 10 तारखेपर्यंत देण्यात येईल, असे नियुक्ती आदेशाच्या कलम 5 मध्ये नमूद आहे.

ऑगस्टपर्यंतचे मानधन मला मिळाले. त्यानंतरचे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांचे रु. 54,000 येणे आहे. दिवाळीपूर्वी, 28 ऑक्टोबर रोजी, कार्यालयातून रु. 9,000 उचल म्हणून रोख मिळाली, ती मी मान्य करते. ती वजा जाता आजअखेर रु. 45,000 बाकी आहे. सप्टेंबरचे मानधन 10 ऑक्टोबरला मिळायला हवे होते, त्याला आज 64 दिवस झाले. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे निघतील की नाही, अशी शंका कार्यालयात बोलून दाखवली गेली, म्हणून एवढेच निदर्शनास आणते की कलम 6 नुसार सुट्टीच्या काळातही मानधन पूर्ण द्यायचे आहे.

याबाबत मी 21 ऑक्टोबर रोजी मुख्याध्यापक सरांना प्रत्यक्ष भेटले, नंतर वरील अर्ज दिला. अर्जाला अद्याप लेखी उत्तर नाही. "पालकांची फी जमा झाली की बघू," असे तोंडी सांगण्यात येते. फी वसूल करताना संस्थेला येणाऱ्या अडचणी मी वर्गशिक्षिका म्हणून रोज पाहते. थकबाकीदार पालकांना फोनही मीच लावते. परंतु माझे मानधन फीच्या वसुलीवर अवलंबून राहील, असे आदेशात कुठेही लिहिलेले नाही. अनुदानित तुकड्यांवरील सहकाऱ्यांचा पगार शालार्थमधून होतो. आमचा मात्र संपूर्णपणे संस्थेवर आहे, त्यामुळे विचारायचे ते आपणांसच.

आणखी एक बाब नाइलाजाने लिहावी लागते. 2 डिसेंबर रोजी ऑक्टोबरच्या पगारपत्रकावर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, "रक्कम मिळाली" या रकान्यासमोर सही करण्यास मला सांगण्यात आले. रक्कम मिळालेली नसल्याने मी सही केली नाही. त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. ज्या दिवशी रक्कम खात्यावर जमा होईल, त्याच दिवशी मी सही करीन.

या काळात माझ्याकडून कामात कसूर झालेली नाही, हजेरीपत्रक पाहावे. 20 नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानासाठी सहकारी शिक्षक प्रशिक्षणाला गेले, तेव्हा त्यांचेही तास मी घेतले. दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीपासून आहे, विज्ञानाच्या प्रात्यक्षिक वह्या अजून तपासून व्हायच्या आहेत. मुलांचा यात काही दोष नाही, म्हणून माझे तास आणि सकाळी साडेसातचा जादा वर्ग सुरूच राहतील. मात्र रोजच्या एस.टी.च्या प्रवासाला आणि घरभाड्याला उधारीवर किती दिवस भागवायचे, याचा विचार आपणच करावा. घरमालकांनी नोव्हेंबरचे भाडे दोनदा मागितले आहे.

तरी विनंती की, बाकी रु. 45,000 दिनांक 24 डिसेंबर 2024 पर्यंत माझ्या बँक खात्यावर जमा करावेत. एकरकमी देणे शक्य नसल्यास हप्त्यांच्या तारखा मला लेखी कळवाव्यात. एका हप्त्याची सवलत मान्य करण्यास मी तयार आहे, पण सप्टेंबरचे उर्वरित रु. 9,000 त्याआधी मिळावेत. जानेवारीपासून मानधन ठरल्या तारखेस मिळावे, हीही विनंती.

महाराष्ट्र खाजगी शाळेतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 अनुदान घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही प्रकारच्या खाजगी शाळांना लागू आहे, हे आपण जाणताच. वरील मुदतीत रक्कम अथवा लेखी उत्तर न मिळाल्यास मला शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नाशिक यांच्याकडे अर्ज करावा लागेल. ती वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपण वेळ दिल्यास मी कोणत्याही दिवशी दुपारी साडेतीननंतर भेटीस येऊ शकते.

कळावे,

आपली विश्वासू,
वि. रा. जाधव
कंत्राटी शिक्षिका (गणित व विज्ञान)

सोबत : नियुक्ती आदेशाची छायांकित प्रत, 25 नोव्हेंबरच्या अर्जाची आवक शिक्क्यासह प्रत, जुलै ते नोव्हेंबरचा बँक खातेउतारा

प्रत : मा. मुख्याध्यापक यांना माहितीसाठी