ताई, इकडे जागा आहे

(निरोप समारंभाच्या व्हिडिओसाठी व्हॉइसओव्हर. लांबी सुमारे पाच मिनिटं. चौकटी कंसातलं वाचायचं नाही.)

[०:०० काळा पडदा, फक्त आवाज]

ताई, हा व्हिडिओ करायला घेतला तेव्हा वाटलं होतं, दोन संध्याकाळी पुरतील. ऑफिसच्या ड्राइव्हवर नऊ वर्षांच्या कार्यक्रमांच्या क्लिप्स पडून आहेत. तू दिसलीस की कापायचं आणि पुढचीला जोडायचं, एवढंच काम. प्रत्यक्षात दोन आठवडे लागले, कारण मी कापायचं सोडून बघतच बसायचो.

[०:२० वार्षिक स्नेहसंमेलन, २०१६. हलता शॉट, खुर्च्यांच्या रांगा]

ही सगळ्यात जुनी. मोबाइल कोणाच्या हातात होता कोण जाणे, निम्मा वेळ छतच दिसतंय. तिसऱ्या रांगेत निळ्या ड्रेसमध्ये तू. दोनदा बघितली तेव्हा माझं लक्ष तुझ्याकडेच होतं. तिसऱ्यांदा बघताना दाराजवळचा मुलगा दिसला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कोरं आयकार्ड, कुठल्या रांगेत शिरावं ते त्याला कळत नाहीये. तो मी. नोकरीचा चौथा दिवस होता.

[०:४८ व्हॉइसओव्हर थांबवा. क्लिपचा मूळ आवाज वाढवा : "अरे, इकडे ये! इकडे जागा आहे."]

[०:५४ तोच शॉट, संथ गतीने]

जागा नव्हती, ताई. आता नीट दिसतंय. तू पर्स उचलून मांडीवर घेतलीस, पलीकडच्या दोघींना खुणेने सरकवलंस आणि मग मला हाक मारलीस. मला नऊ वर्षं वाटत होतं, की ती खुर्ची रिकामी होती.

[१:१८ क्रीडा दिवस, २०१८. रस्सीखेच]

त्यानंतर मी प्रत्येक क्लिप वेगळ्या नजरेने बघायला लागलो. इथे अकाउंट्सचा संघ हरतोय, सपशेल हरतोय. दोराच्या अगदी शेवटी तू आहेस आणि तुझ्या पुढे, आदल्याच आठवड्यात रुजू झालेली ट्रेनी. पाय घसरला तिचा. तू दोर सोडून तिला धरलंस. संघ तिथेच गेला. त्यावर कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि तूही कधी विषय काढला नाहीस.

[१:४५ ऑनलाइन मीटिंगचं रेकॉर्डिंग, २०२०. पडद्यावर छोट्या चौकटी]

हे वर्ष सगळ्यांच्याच लक्षात आहे. आपण सगळे घरून काम करत होतो आणि आपल्यात एक जण अशी होती, जिने ऑफिसचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. मीटिंग संपली, एकेक चौकट बंद होत गेली, रेकॉर्डिंग मात्र चालूच राहिलं. शेवटी दोनच चौकटी उरल्या. तुझी आणि तिची.

[२:०८ मूळ आवाज : "आता कोणी नाही. बोल, काय अडलंय?" लगेच कट.]

पुढची अकरा मिनिटं आम्ही लावत नाही. तिने तसं सांगितलंय. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे.

[२:२५ ऑफिसमध्ये परतल्याचा दिवस, २०२२. भराभर फोटो]

[२:४० सत्कार, २०२४. मंच]

एवढ्या पसाऱ्यात तू फ्रेमच्या मधोमध आहेस अशी ही एकच क्लिप. चाळीस सेकंदांची. त्यातही प्रमाणपत्र हातात पडताच तू मागे वळून आम्हा सगळ्यांना वर बोलावतेस. मार्च अखेरचं क्लोजिंग वेळेत झालं ते टीममुळे, असं माइकवर म्हणतेस. टीमने काय केलं ते टीमला ठाऊक आहे, ताई. रात्री साडेअकराला ताळा जुळेना, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून "पहिल्या पानापासून बघू" म्हणणारं कोण होतं, तेही ठाऊक आहे.

[३:२० गेल्या महिन्यातला कार्यक्रम. ताईच्या शेजारी नवा मुलगा]

आणि ही शेवटची. शेजारी कोण बसलंय, बघा. रुजू होऊन तीन आठवडे झाले होते.

[३:३५ ताईचं आवरलेलं टेबल. स्थिर शॉट]

पुढच्या महिन्यात परदेशातल्या त्या ऑफिसमध्ये कोरं आयकार्ड तुझ्या गळ्यात असेल. पहिल्या दिवशी दारात तू उभी असशील. इतकी वर्षं तुला अहो-जाहो करू दिलं नाहीस, म्हणून हक्काने सांगतो. कुणी हाक मारली नाही, तर त्या रात्री आम्हाला फोन कर. वेळ बघू नकोस. इथे कितीही वाजलेले असोत, कोणीतरी उचलेल. यादी केली आहे, वारांनुसार.

[४:०५ काल चित्रित केलेला शॉट. तेच सभागृह, तिसरी रांग. सगळी टीम दाटीवाटीने बसलेली. मधली खुर्ची रिकामी, शेजारणीची पर्स मांडीवर. व्हॉइसओव्हर नाही.]

[सगळे एकदम : "ताई, इकडे ये! इकडे जागा आहे."]

[४:१५ शॉट पाच सेकंद तसाच ठेवा. मग सभागृहातले दिवे लावा.]